वायपर कुठे थांबतो, कसा थांबतो

चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर आणि पाटणवरून जावं लागतं. अंतर शंभरेक किलोमीटरचं. भर जुलैत त्याला अडीच-तीन तास लागतात आणि तेवढा वेळ वायपर बंद करायची सोय नसते. संथ वेगाला मिनिटाला साधारण ४५ फेऱ्या धरल्या, तरी कराड येईपर्यंत त्याच्या सात-आठ हजार फेऱ्या झालेल्या असतात. असा वायपर एखाद्या वळणावर मंदावतो, काचेच्या मध्यावर येऊन उभा राहतो आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. गाडी गॅरेजात गेली की बहुतेक वेळा एकच निदान कानावर पडतं: ‘मोटर गेली.’

यंदाच्या पावसाळ्यात चिपळूणच्या हायवेलगत एका वायरमनच्या गॅरेजात मी बरेचदा जाऊन बसलो. वायरमन म्हणजे गाडीच्या विजेचं सगळं काम बघणारा माणूस. आपल्याकडे गॅरेजात हाच शब्द चालतो. हे काका पन्नाशी ओलांडलेले. वायपरची तक्रार घेऊन कुणी आलं की ते बॉनेट उघडायच्या आधी दोन प्रश्न विचारतात. थांबला तेव्हा पाती काचेवर कुठे होती? आणि नंतर आपोआप चालू झाला का? या दोन उत्तरांत निम्मं निदान असतं, असं त्यांचं म्हणणं. तिथे बसून जे पाहिलं त्यावरून मलाही ते पटलं. थांबलेली मोटर पुष्कळदा गुन्हेगार नसतेच. दुसऱ्या कुणाचा तरी भार ती सोसत असते.

काचेखाली काय असतं

बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेच्या तळाशी प्लॅस्टिकची लांब जाळी असते. ती काढली की आतला पन्हाळीसारखा खोल भाग दिसतो. काचेवरचं सगळं पाणी तिथून वाहून जातं. पानं, धूळ आणि माती मात्र तिथेच साचते. नेमक्या याच जागी वायपरची मोटर आणि लिंकेज बसवलेलं असतं.

मोटर साधी, १२ व्होल्टवर चालणारी. तिच्या शाफ्टवर वर्म कापलेला असतो आणि तो नायलॉनचं दातेरी चक्र फिरवतो. आतलं आर्मेचर पन्नास-साठ वेळा फिरतं तेव्हा बाहेरची छोटी क्रँक एकदा फिरते आणि त्या एका फेऱ्यात पाती काचेवर एकदा जाऊन परत येतात. क्रँकपासून दोन्ही बाजूंना लोखंडी रॉड जातात. त्यांच्या टोकांना नायलॉनच्या वाट्यांत बसलेले बॉल जॉइंट असतात. शेवटी दोन स्पिंडल येतात: ॲल्युमिनियमच्या किंवा जस्तमिश्र धातूच्या नळीतून वर निघणारे पोलादी दांडे. वायपरचे आर्म यांच्या डोक्यावर नटाने आवळलेले असतात.

वर्मची एक खोड लक्षात ठेवायला हवी. वर्म चक्राला फिरवू शकतो, पण चक्र वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून थांबलेला वायपर हाताने ढकलला की मोटर उलटी फिरत नाही. नायलॉनच्या दात्यांवर जोर येतो आणि एखाद्या दिवशी ते तुटतात. अडकलेली पाती हाताने ओढून सोडवायची सवय अशी महागात पडते.

जुन्या अमेरिकन गाड्यांत आणि जीपमध्ये विजेऐवजी इंजिनच्या निर्वातावर चालणारे वायपर असत. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनमधला निर्वात कमी होई आणि वायपर रेंगाळत. त्या काळी घाटात मंद होणारा वायपर हा बिघाड नव्हता, त्या रचनेची ती मर्यादाच होती. विजेच्या मोटरला इंजिनवर किती ताण आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ती मंदावली तर कारण शोधलंच पाहिजे.

गुहागरची गाडी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागरचे एक शिक्षक आपली अकरा वर्षांची हॅचबॅक घेऊन आले. गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्यावर उभी राहणारी. मागच्या वर्षी वायपर मंद झाला होता. दुसऱ्या एका गॅरेजात भंगारातली, पण चालती मोटर बसवून दिली आणि तो पावसाळा निभला. यंदा जूनपासून पुन्हा तेच. आदल्या दिवशी घाटात वायपर काचेच्या मध्यावर थांबला, चार-पाच मिनिटांनी आपोआप चालू झाला आणि थोड्या वेळाने परत थांबला.

“काका, नवीनच मोटर टाका आता,” शिक्षक म्हणाले.

“टाकू की सर. पण आधी ती खरंच मेलीय का बघू.”

‘आपोआप चालू झाला’ हे ऐकताच काकांचा कौल ठरत आला होता. वायपरच्या बऱ्याच मोटरींमध्ये दोन धातूंच्या पट्टीचा एक छोटा कटआउट असतो. मोटर जास्त करंट खाऊन तापली की पट्टी वाकते, जोडणी तुटते आणि मोटर बंद पडते. पट्टी निवली की सरळ होते आणि मोटर चालू. मोटर जळू नये म्हणून केलेली ही सोय आहे. म्हणजे मधेच थांबून काही मिनिटांनी पुन्हा चालणारा वायपर सांगत असतो की मोटरवर भार फार झाला आहे. वायर तुटली असती तर अशी विश्रांती घेऊन तो चालू झाला नसता.

मग मोजमाप सुरू झालं. काचेवर भरपूर पाणी मारलं, इंजिन चालू ठेवलं आणि वायपर संथ वेगाला लावला. शिकाऊ मुलाने घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या: मिनिटाला २४. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि मोटरच्या कपलरवर, वायपर चालू असताना, १३.३. म्हणजे वीज मोटरपर्यंत नीट पोचत होती. शेवटी क्लॅम्प मीटर वायरभोवती लावला. काटा ९ अँपिअरच्या आसपास हलत होता. अशा गाडीचा निरोगी वायपर ओल्या काचेवर साधारण २ ते ४ अँपिअर खातो.

दोन आकडे, दोन दिशा

व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे एकत्र का पाहायचे, ते समजलं की वायपरच्या दुखण्याचा अर्धा गुंता सुटतो.

फिरणारी मोटर स्वतःही थोडी वीज निर्माण करत असते आणि ती बॅटरीच्या उलट दिशेने दाब देते. मोटर जितकी वेगात, तितका हा उलटा दाब मोठा आणि बॅटरीतून येणारा करंट कमी. मोटरला कुणी अडवलं की वेग उतरतो, उलटा दाब घटतो आणि करंट वाढतो. मोटरचा जोर या करंटमधूनच येतो. पूर्ण अडली तर तो वीस अँपिअरच्याही पुढे जाऊ शकतो.

म्हणून मंद वायपरच्या दोन जाती होतात. वायपर मंद आहे, मोटरवर व्होल्ट पुरेसे आहेत आणि करंट जास्त आहे, तर काहीतरी अडतंय. तो अडथळा लिंकेजमध्ये असेल, काचेवर असेल किंवा मोटरच्याच बुशमध्ये. याउलट वायपर मंद, मोटरवर जेमतेम १० व्होल्ट आणि करंटही बेताचा, तर मोटरला वीजच पुरत नाही. मग स्टिअरिंगखालच्या स्विचचे कॉन्टॅक्ट, रिले, हिरवा पडलेला कपलर किंवा अर्थिंगचा बोल्ट बघायचा. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत अर्थिंगच्या बोल्टखाली रंग राहून जातो, तेव्हा हेच होतं. जुलै २०२१च्या पुरात बुडालेल्या गाड्यांमध्ये हिरवे पडलेले कपलर आपण बरेच काढले, असं काका म्हणाले. व्होल्ट पुरेसे आणि करंट कमी, तरीही मोटर मंद किंवा अडखळणारी, असं तिसरं चित्र दिसलं तर आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात. अशी मोटर कुठेही थांबते आणि तिच्या अंगावर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं की पुन्हा चालते.

इथे थांबण्याची जागाही उपयोगी पडते. पात्यांच्या एका फेरीत आर्मेचर पन्नासच्या वर वेळा फिरत असल्यामुळे ब्रशचा दोष पात्याला दर वेळी एकाच ठिकाणी थांबवू शकत नाही. वायपर रोज काचेच्या त्याच रेषेवर अडखळत असेल, तर संशय चक्राच्या तुटक्या दात्यावर किंवा लिंकेजवर घ्यायचा.

मंदावलेला वायपर बघून बहुतेक चालक स्विच जलद वेगावर नेतात. त्यामागचा हिशेब चुकतो. वेग बदलायला मोटरमध्ये तिसरा ब्रश असतो, तो नेहमीच्या जागेपासून थोडा बाजूला. त्यातून वीज दिली की आर्मेचरच्या गुंडाळ्यांचा एक भाग कामातून वगळला जातो, उलटा दाब कमी होतो आणि मोटर वेग घेते. पण त्याच करंटला मिळणारा जोर आता कमी असतो. म्हणजे अडलेल्या लिंकेजसमोर जलद वेग दिल्याने मोटर अधिक करंट खाते, लवकर तापते आणि कटआउट लवकर पडतो. शिक्षकांनी घाटात तेच केलं होतं.

लिंकेज सुटं करून बघणं

काकांनी जाळी काढली आणि क्रँकवरून रॉडचा बॉल जॉइंट उचकटून सोडवला. मोटर एकटी चालवली. फेऱ्या ४७, करंट दीड अँपिअर. भंगारातून आलेल्या मोटरची ताकद शाबूत होती. ही चाचणी दहा मिनिटांची आहे, तिला कसलंही खास हत्यार लागत नाही आणि नवी मोटर घ्यायची की नाही हे तिच्यावरून ठरतं. तरीही ती सहसा केली जात नाही, कारण मोटर बदलली की वायपर काही महिने नक्की चालतो. ताज्या दमाची मोटर गंजलेलं लिंकेज ओढत राहते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, दुखणं बरं झालं.

आता मोटरपासून सुटलेले आर्म हाताने फिरवायचे. चालकाच्या बाजूचा आर्म दोन बोटांनी हलला. डावीकडचा हलवायला मूठ लागली. स्पिंडलच जाम झाला होता.

का, ते बाहेर काढल्यावर दिसलं. स्पिंडलच्या डोक्याशी पाणी अडवायला एक रबरी रिंग असते. उन्हाने ती कडक होते, तडकते. तिच्यातून पावसाचं पाणी आत उतरतं, गुहागरसारख्या गावी समुद्राचा खार घेऊन. आतलं ग्रीस धुऊन जातं किंवा वाळून मेणासारखं होतं. पोलादी दांडा गंजतो आणि ॲल्युमिनियमच्या नळीत पांढरी भुकटी धरते. गंज आणि ही भुकटी, दोन्ही मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतात. दांडा आणि नळी यांच्यामधली बारीक फट त्यांनी भरली की स्पिंडल आवळला जातो.

काकांनी खालचं लॉक काढलं, वॉशर कोणत्या क्रमाने होते ते मुलाला कागदावर मांडून ठेवायला लावलं आणि दांडा लाकडी ठोकळ्यावरून हलक्या ठोक्यांनी खाली उतरवला. त्याआधी दांड्याच्या आट्यांवर नट ठेवला होता, नाहीतर आटे बसतात. दांडा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. नळीतून काडीला गुंडाळलेला तोच पेपर फिरवला, पण बेताने, कारण तिथला धातू जास्त गेला तर दांडा डुगडुगतो. दोन्ही भाग धुऊन, कोरडे करून, पाण्यात न धुपणारं घट्ट ग्रीस भरलं आणि नवी रबरी रिंग घातली. उजवा स्पिंडल हलत असला तरी त्यालाही हेच केलं. त्याचीही रिंग तडकलेली होती, म्हणजे पुढच्या वर्षी तोच येऊन बसला असता.

वरून गंजाचा स्प्रे मारून भागलं नसतं का, असं मी विचारलं.

“मारला की सुटतो ना,” काका म्हणाले. “पंधरा दिवस छान चालतो. पण तो स्प्रे पातळ. उरलंसुरलं ग्रीसपण घेऊन जातो आणि मग पाण्याला रान मोकळं.”

या दुरुस्तीला मर्यादा आहेत. नळी आतून खड्डे पडून लंबगोल झाली असेल किंवा बॉल जॉइंटच्या वाट्या ढिल्या झाल्या असतील, तर घासूनपुसून उपयोग नाही; अख्खं लिंकेज बदलावं लागतं. ढिलेपण ओळखायची खूण सोपी आहे. पात्याचं टोक हाताने हलवलं आणि आर्म बराच इकडे-तिकडे झाला, किंवा चालताना पातं बाजूच्या खांबावर आपटू लागलं, की वाट्या गेलेल्या असतात.

एक दुखणं बरं झालं, दुसरं दिसलं

सगळं जोडून काचेवर पाणी मारलं. फेऱ्या ४४, करंट तीन अँपिअर. शिक्षक खूश झाले. मुलाने स्विच बंद केला. पाती खाली आली, तळाशी थांबायच्या ऐवजी पुन्हा वर गेली, आणखी एक फेरी मारून मग थांबली. परत करून पाहिलं तर दोन फेऱ्या जास्त.

“हे आधी नव्हतं,” शिक्षक म्हणाले.

“होतं सर. जाम लिंकेजने झाकून ठेवलं होतं.”

यासाठी पार्क स्विच समजून घ्यावा लागतो. स्विच केव्हाही बंद केला तरी पाती काचेच्या तळाशीच जाऊन झोपतात, हे काम त्याचं. मोटरच्या झाकणाखाली, नायलॉनच्या चक्रावर तांब्या-पितळेची एक चकती बसवलेली असते आणि तिच्यावर तीन स्प्रिंगदार पट्ट्या घासत असतात. चकतीला एका ठिकाणी खाच असते. आपण स्विच बंद करतो तेव्हा स्टिअरिंगकडून येणारी वीज तुटते, पण मोटरचा संथ वेगाचा ब्रश पार्क स्विचला जोडला जातो. पाती तळाशी नसतील तर पट्ट्या चकतीमार्फत मोटरला थेट बॅटरीची वीज देत राहतात. पाती तळाशी आली की खाच पट्टीखाली येते आणि दोन गोष्टी लागोपाठ होतात. वीज तुटते आणि तोच ब्रश अर्थिंगला जोडला जातो.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. वीज तुटली तरी मोटर गतीत असते आणि गतीत असलेली मोटर वीज निर्माण करते, हे आपण वर पाहिलं. तिची दोन टोकं एकमेकांना जोडली की ती वीज तिच्याच गुंडाळ्यांतून उलट धावते आणि मोटरला ब्रेक लागतो. हा ब्रेक लागला नाही तर मोटर ओघात खाच ओलांडते, पुढे तिला पुन्हा वीज मिळते आणि पाती आणखी एका फेरीवर निघतात.

जाम स्पिंडल इतके दिवस हा ब्रेक स्वतःच लावत होता. वीज तुटताच लिंकेज जागच्या जागी थांबे, ओघ उरतच नसे. लिंकेज मोकळं झालं आणि पार्क स्विचचं दुखणं उघडं पडलं. कोरड्या काचेवर वायपर बरोबर तळाशी थांबतो आणि ओल्या काचेवर पुढे जातो, असं काही गाड्यांत दिसतं, त्याचंही कारण हेच. कोरड्या काचेचं घर्षण ब्रेकचं काम करतं.

पार्क स्विच याच्या उलट प्रकारेही बिघडतो. वीज देणारी पट्टी झिजली किंवा तिची वायर सुटली, तर स्विच बंद केल्या क्षणी पाती असतील तिथे थांबतात, अगदी काचेच्या मध्यावर. खात्री करायची असेल तर वायपर थांबून-थांबून चालण्याच्या जागी लावायचा. तिथे टायमर मोटरला वीज क्षणभरच देतो आणि उरलेली फेरी पार्क स्विच पूर्ण करतो. पाती दर वेळी जराशी सरकून थांबत असतील आणि संथ-जलद दोन्ही वेग उत्तम असतील, तर पार्कची वीज येत नाही. या दोषाला नेहमी ‘मोटर मधेच बंद पडते’ असं म्हटलं जातं, पण यात मोटरही ठीक असते आणि लिंकेजही.

झाकण उघडल्यावर आत काळं, घट्ट ग्रीस होतं आणि त्यात झिजलेल्या धातूची भुकटी मिसळलेली. अर्थिंगच्या पट्टीचं टोक चपटं झालं होतं आणि चकतीला पुरतं टेकत नव्हतं. काकांनी सगळं कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसलं, पट्टीला चिमट्याने किंचित बाक दिला आणि ग्रीसचा पातळ हात फिरवला. चकती जळून भोक पडलेली असती किंवा पट्टी तुटायला आलेली असती, तर झाकण किंवा अख्खी मोटर बदलण्याला पर्याय नव्हता. आर्म बसवण्यापूर्वी त्यांनी मोटर एकदा चालवून बंद केली, क्रँक पार्कच्या जागी येऊ दिली आणि मगच पाती तळाशी ठेवून नट आवळले. हा क्रम चुकला तर चांगला पार्क स्विचसुद्धा पाती भलतीकडे नेऊन ठेवतो.

संध्याकाळी गाडी गुहागरला परत गेली, त्याच जुन्या मोटरवर.

पावसाआधी करायचं काम

मे महिन्यात, पहिल्या वळिवाच्या आधी, घरच्या अंगणात एवढं करता येतं. काचेखालच्या जाळीतली पानं आणि माती काढा. काच धुऊन तिच्यावरचा मेणकट थर आणि झाडाचा डिंक घालवा, कारण चिकट काचही मोटरला लिंकेजइतकीच अडवते. पाणी मारून संथ वेगावर मिनिटाच्या फेऱ्या मोजा आणि हा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो बराच घसरलेला दिसला, तर वायपर थांबण्याची वाट बघू नका. त्याच पाण्यावर स्विच पाच-सहा वेळा वेगवेगळ्या ठिकाणी बंद करून पाती दर वेळी तळाशी जातात का, तेही पाहा. कोरड्या काचेवर मात्र वायपर चालवू नका.

वाटेत वायपर मंदावलाच तर जलद वेग देऊ नका. सुरक्षित जागा बघून थांबा, स्विच बंद करा, मोटर निवू द्या. पाऊस अंगावर घेत निघण्यापेक्षा तो कमी होईतो थांबलेलं बरं, कारण निवलेली मोटर चालू होईल, पण अडथळा जागेवरच असेल आणि ती पुन्हा थांबेल.

गॅरेजात ‘मोटर बदला’ असं सांगितलं गेलं, तर रॉड सोडवून मोटर एकटी चालवून दाखवायला सांगा आणि सुटे आर्म स्वतःच्या हाताने फिरवून बघा. आर्म जड लागले तर पैसे आधी स्पिंडलवर खर्च करा. जड लिंकेजवर बसवलेली नवी मोटरही त्याच भाराखाली तापेल, आणि पुढच्या पावसाळ्यात तिचंही निदान ‘मोटर गेली’ असंच होईल.